गच्चीचं पाणी मोरीच्या वाटेनं

जुलै महिन्यात एखादी मोठी सर येते आणि तळमजल्यावरच्या बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी वर येऊ लागतं. आधी जाळीपाशी गुडगुड ऐकू येते, मग बुडबुडे दिसतात आणि पाठोपाठ पाणी येतं. पाऊस ओसरला की तासाभरात ते आपोआप खाली जातं; मागे गाळ, केस आणि दुर्गंधी उरते. सोसायटीत यावर बहुतेक वेळा एकच निदान होतं, ‘लाइन चोकअप झालीय.’ प्लंबर येतो, चेंबर उघडून सळई फिरवतो, थोडा गाळ काढतो आणि पैसे घेऊन जातो. पुढच्या मोठ्या पावसात पुन्हा तेच घडतं.

खरं तर पाण्याच्या वागण्यातच निदान दडलेलं असतं. लाइन तुंबलेली असती तर ती जानेवारीतही तुंबली असती आणि पाऊस थांबल्यावर आपोआप मोकळी झाली नसती. जो त्रास फक्त पावसात सुरू होतो आणि पावसाबरोबर संपतो, त्याचं कारण बहुधा एकच असतं. पावसाचं पाणी कुठून तरी सांडपाण्याच्या लाइनमध्ये शिरतंय. हे पाणी आपल्याच गच्चीवरचं असू शकतं किंवा गल्लीतल्या वीस गच्च्यांवरचं. ते कसं शिरतं, शिरल्यावर काय करतं आणि बाहेर कसं काढायचं, हे समजून घेण्यासारखं आहे. ही दुरुस्ती इमारतीच्या आवारात करता येते आणि ती फार अवघड नाही.

दोन पाणी, दोन मुक्काम

महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत जमिनीखाली दोन वेगळ्या व्यवस्था आखलेल्या असतात. पहिली मलवाहिनी. संडास, बाथरूम आणि स्वयंपाकघरातलं पाणी तिच्यातून रस्त्याखालच्या मोठ्या वाहिनीत, तिथून उदंचन केंद्रात म्हणजे पंपिंग स्टेशनला आणि पुढे शुद्धीकरण केंद्रात जातं. दुसरी पर्जन्यवाहिनी. गच्ची, आवार आणि रस्ते यांवरचं पावसाचं पाणी ती जवळच्या नाल्याला, नदीला किंवा समुद्राला नेऊन सोडते. या वाटेवर शुद्धीकरण नसतं, कारण त्या पाण्याला त्याची गरज पडू नये असं गृहीत धरलेलं असतं.

जगात सगळीकडे असं नाही. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकात दोन्ही पाण्यांसाठी एकच मोठी वाहिनी बांधली गेली. मोठा पाऊस झाला की तिच्यात मावेनासं झालेलं मिश्र पाणी थेट थेम्स नदीत सांडायचं. ते अडवण्यासाठी त्या शहराला नदीखालून 25 किलोमीटर लांबीचा बोगदा खणावा लागला आणि तो 2025 मध्ये पूर्णपणे जोडला गेला. लंडनला वर्षभरात सुमारे 600 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बारा महिन्यांत विभागून. मुंबईत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जवळपास चार महिन्यांत कोसळतो. आपल्या हवामानात एकाच वाहिनीवर दोन्ही पाणी सोपवणं किती अडचणीचं ठरेल, हे या आकड्यांवरून कळतं. म्हणूनच इथे दोन वाहिन्या आखल्या जातात. अडचण अशी की नकाशात वेगळ्या असलेल्या या वाहिन्या इमारतीच्या आवारात, अनेकदा कुणाच्या लक्षातही न येता, एकमेकींना जोडल्या जातात.

एका गल्लीचा हिशेब

समजा, उपनगरातल्या एका गल्लीत तीस-चाळीस वर्षांपूर्वीची एक सोसायटी आहे. चोवीस फ्लॅट, साधारण शंभर माणसं. गच्ची 400 चौरस मीटरची, म्हणजे सुमारे 4,300 चौरस फुटांची.

आधी सांडपाणी मोजू. आपल्याकडे पाणीपुरवठ्याची आखणी माणशी दिवसाला 135 लिटर धरून होते. शंभर माणसांचे झाले 13,500 लिटर. त्यातलं ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी सांडपाणी होऊन परत येतं, म्हणजे दिवसाला साधारण 11,000 लिटर. चोवीस तासांत विभागलं तर ताशी साडेचारशे लिटर. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी एकाच वेळी होतात, म्हणून तिप्पट धरू. ताशी सुमारे 1,400 लिटर झाले.

आता पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तासाला 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 400 चौरस मीटरच्या गच्चीवरून तासाभरात 20,000 लिटर पाणी उतरतं. हा काही अतिरेकी आकडा नाही. मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांसाठी 1993 मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल तयार झाला, त्यात ताशी 50 मिलिमीटर हेच प्रमाण धरून वाहिन्यांची क्षमता वाढवायला सुचवलं होतं. त्याआधीच्या वाहिन्या ताशी 25 मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या.

म्हणजे तासाभराच्या एका जोरदार सरीत त्या गच्चीवरून जेवढं पाणी उतरतं, तेवढं सांडपाणी तयार करायला त्या शंभर माणसांना जवळजवळ दोन दिवस लागतात. सकाळच्या ऐन गर्दीच्या प्रवाहाशी तुलना केली तरी गच्चीचं पाणी चौदा पट भरतं. सांडपाण्याच्या लाइनचा आकार त्या 1,400 लिटरचा विचार करून ठरवलेला असतो. तिच्यात 20,000 लिटर येतील, हे कुणी गृहीत धरलेलं नसतं.

इथे एक शंका रास्त आहे. आवारातली सहा इंची, म्हणजे 150 मिलिमीटरची लाइन नवी, स्वच्छ आणि शंभराला एक या उताराची असेल, तर ती पूर्ण भरून वाहताना तासाला 50,000 लिटरपर्यंत पाणी नेऊ शकते. मग गच्चीचे 20,000 लिटर तिला जड का व्हावेत? एका इमारतीपुरतं पाहिलं तर होतही नाहीत. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं खपून जाते. ज्याने पाइप जोडला त्याला पहिल्या पावसात काहीच त्रास दिसत नाही.

त्रास दिसतो तो गल्लीच्या पातळीवर. अशा वीस इमारतींनी हेच केलं असेल, तर रस्त्याखालच्या मलवाहिनीत तासाला चार लाख लिटर पावसाचं पाणी उतरतं. त्या वीस इमारतींचं ऐन गर्दीतलं सांडपाणी मात्र ताशी 28,000 लिटरच आहे. रस्त्याखाली 300 मिलिमीटरची वाहिनी अडीचशेला एक या उताराने टाकलेली असेल, तर काठोकाठ भरूनही ती ताशी सव्वादोन लाख लिटरच्या आसपासच नेते. उरलेलं पाणी कुठे जाणार? वाहिनी भरते, मग मॅनहोल भरू लागतात, आणि त्यातली पाण्याची पातळी वाढत वाढत घरांकडून येणाऱ्या लाइनच्या वर चढते. त्या क्षणापासून इमारतीचं सांडपाणी बाहेर पडायचं थांबतं.

पाणी कुणाच्या घरात वर येतं

पाणी तुंबलं की ते सर्वात सखल तोंड शोधतं. गल्लीच्या उताराच्या शेवटी असलेल्या इमारतीचा तळमजला आणि तिथल्या बाथरूमची जाळी हे ते तोंड असतं. संडासाचं भांडं जमिनीपासून काहीसं उंच असतं, त्यामुळे आधी बाथरूममध्ये पाणी दिसतं, संडासात नंतर.

सुरुवातीची गुडगुड हवेची असते. भरत आलेल्या पाइपातली हवा पुढे ढकलली जाते आणि नहाणी ट्रॅपमधल्या पाण्यातून वाट काढते. या ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी कायम साठलेलं असतं. गटारातला वायू घरात येऊ नये म्हणून तेवढा एकच पडदा असतो. पावसाचा मोठा लोंढा त्याच उभ्या पाइपातून खाली कोसळला तर उलटही घडतं. लोंढ्यामागे पोकळी तयार होते आणि ती ट्रॅपमधलं पाणी ओढून नेते. पाणी वर आलं नाही तरी पावसानंतर दोन दिवस बाथरूमला वास येत राहतो, त्याचं कारण अनेकदा हा ओढून नेलेला पडदा असतो. ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतून वास गेला, तर निदान पक्कं समजावं.

म्हणजे गच्चीचं पाणी चुकीच्या लाइनमध्ये सोडतो एक आणि भोगतो दुसराच. चढावरच्या इमारतीला आपल्या जोडणीचा त्रास कधीच कळत नाही. उतारावरच्या तळमजल्यावरचे लोक मात्र आपलीच लाइन वर्षानुवर्षं साफ करून घेत राहतात.

पाण्याबरोबर आणखी एक वस्तू लाइनमध्ये जाते, ती म्हणजे गाळ. गच्चीवरची धूळ, गिलाव्याची वाळू, आवारातली माती आणि पानं. सांडपाण्याच्या लाइनचा उतार असा ठेवलेला असतो की रोजच्या प्रवाहात मैला वाहून जावा. त्यासाठी सेकंदाला साधारण 60 सेंटिमीटर वेग पुरतो. पावसाच्या लोंढ्यात वाळू वाहत येते, पण पाऊस थांबून प्रवाह मंदावला की ती तळाशी बसते. तिच्यावर स्वयंपाकघरातलं तेल-तूप थिजतं आणि लाइनचा तळ वर येत जातो. अशी लाइन पुढे खरोखरच चोकअप होते आणि मूळ कारण आणखी झाकलं जातं.

सोसायटीचा स्वतःचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प असेल तर नुकसान वेगळं होतं. त्या टाक्यांत मैला खाणारे जिवाणू वाढवलेले असतात. पावसाचा लोंढा आला की ते पाण्याबरोबर वाहून जातात आणि त्यांची संख्या पुन्हा भरून यायला आठवडे लागू शकतात. सेप्टिक टाकीतही असंच होतं. जड मैला तळाशी बसायला पाणी तिथे दिवसभर तरी थांबावं लागतं. गच्चीचं पाणी त्यात सोडलं तर तळाचा गाळ ढवळून थेट शोषखड्ड्यात जातो आणि खड्डा कायमचा बुजतो.

मिसळ होते ती जागा

गच्चीवरून उतरणारा पावसाचा पाइप इमारतीच्या पायाशी मोकळा सुटायला हवा आणि त्याचं पाणी आवारातल्या उघड्या किंवा जाळीदार गटारात पडायला हवं. पण नेमक्या त्याच कोपऱ्यात अनेकदा गली ट्रॅप असतो. बाथरूम आणि मोरीचं पाणी चेंबरमध्ये जाण्याआधी ज्या चौकोनी कुंडीत पडतं, ती ही कुंडी. तिची जाळी तयार, तोंड उघडं, अंतर फुटभर. पावसाचं गटार मात्र इमारतीच्या पलीकडच्या अंगाला. दुरुस्तीच्या वेळी पाइप बदलणारा माणूस एक एल्बो लावतो आणि पावसाचा पाइप गली ट्रॅपवर सोडून मोकळा होतो. जुन्या इमारतींतली सगळ्यात जास्त मिसळ इथेच होते.

दुसरी जागा म्हणजे आवाराची जमीन. दर काही वर्षांनी आवारात पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीटचा नवा थर पडतो. जमीन तीन-चार इंच वर येते आणि गली ट्रॅपचा कठडा व चेंबरची झाकणं तिच्या बरोबरीला किंवा तिच्याखाली जातात. मग पावसात आवारभरचं पाणी त्यांच्यातून आत उतरतं. जोडणी कुणीच केलेली नसते, तरी मिसळ होते.

तिसरी जागा सवयीची आहे. आवारात पाणी साचलं की वॉचमन किंवा एखादा रहिवासी चेंबरचं झाकण उचलतो आणि पाणी झटकन उतरल्यावर सगळ्यांना बरं वाटतं. ते पाणी मलवाहिनीत गेलं आहे आणि खालच्या गल्लीत कुणाच्या तरी घरात वर येणार आहे. शिवाय गढूळ पाण्याखाली उघडं झाकण दिसत नाही. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात मुंबईत एक नामवंत डॉक्टर रस्त्यावरच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. साचलेलं पाणी घालवायला झाकण उघडणं या एका कृतीत नुकसान आणि जिवाचा धोका दोन्ही आहेत.

उलटी मिसळ

उलट दिशेची मिसळ घरात त्रास देत नाही, म्हणून ती आणखी दुर्लक्षित राहते. बाल्कनीच्या फरशीची जाळी पावसाच्या पाइपला जोडलेली असते, कारण तिथे वाऱ्याबरोबर आलेलं पावसाचं पाणीच पडणार असं धरलेलं असतं. पुढे बाल्कनीला खिडक्या बसतात, तिथे वॉशिंग मशीन येतं, कधी भांडी घासायची मोरी येते. मशीनचा पाइप त्याच जाळीत सोडला जातो. आता पावसाच्या पाइपातून बारा महिने साबणाचं पाणी वाहतं.

एका धुण्याला 60 लिटर धरले आणि चोवीसपैकी पंधरा घरांनी असं केलं असेल, तर दिवसाला 900 लिटर साबणाचं पाणी शुद्धीकरण न होता नाल्यात जातं. एप्रिल-मे महिन्यांत पावसाचा थेंब नसताना नाले का वाहतात, याचं मोठं उत्तर अशा जोडण्यांत आणि मलवाहिनीच नसलेल्या वस्त्यांत आहे. पुण्यात मुळा-मुठा आणि मुंबईत मिठी यांच्यात हे पाणी जाऊन मिळतं. आवारातल्या गटारात ते साचतं, तिथे डास होतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर गटारात साबणाचा चिकट गाळ बसलेला असतो.

पर्जन्यजल संधारण केलेल्या इमारतीत याचा परिणाम सगळ्यात गंभीर होतो. तिथे गच्चीचं पाणी गाळण खड्ड्यातून बोअरवेलमध्ये सोडतात. त्याच पाइपला एखाद्या बाल्कनीतली मोरी जोडलेली असेल तर सोसायटी स्वतःच्या विहिरीत सांडपाणी मुरवत असते. वाळू आणि खडीचा थर कचरा अडवतो. विरघळलेला साबण आणि सगळे रोगजंतू तो अडवत नाही.

आपल्या इमारतीत काय आहे ते कसं ओळखायचं

पहिली तपासणी नुसत्या डोळ्यांची. पाऊस सुरू झाल्यावर सांडपाण्याच्या शेवटच्या चेंबरचं झाकण जाणकार माणसाच्या देखरेखीखाली जरासं सरकवून पाहायचं. पावसाने जोर धरल्यावर दहा-पंधरा मिनिटांत प्रवाह वाढला आणि पाऊस थांबताच कमी झाला, तर गच्ची किंवा आवार थेट जोडलेलं आहे. प्रवाह हळूहळू वाढला आणि पाऊस थांबल्यावरही दिवसभर स्वच्छ पाणी वाहत राहिलं, तर जमिनीत मुरलेलं पाणी फुटक्या सांध्यांतून लाइनमध्ये पाझरतंय. या दोन आजारांचे उपाय वेगळे आहेत. पहिल्याला जोडणी तोडायची, दुसऱ्याला पाइप बदलायचा.

पक्की तपासणी रंगाची, आणि ती कोरड्या दिवसांत करायची. गच्चीवरून उतरणाऱ्या प्रत्येक पाइपला आणि बाल्कनीच्या प्रत्येक ओळीला क्रमांक द्यायचा. एका बादलीत चिमूटभर फ्लुरोसीन हा हिरवट चमकणारा रंग विरघळवून गच्चीच्या एका जाळीत ओतायचा आणि मागून चार-पाच बादल्या साधं पाणी. खाली दोन माणसं उभी करायची, एक पावसाच्या गटारापाशी आणि दुसरा सांडपाण्याच्या चेंबरपाशी. हिरवं पाणी कुणाला दिसलं ते वहीत लिहायचं. मग थोडं थांबून, लाइन साफ वाहू लागल्यावर पुढचा पाइप. पोटॅशियम परमँगनेटही वापरतात, पण सांडपाण्यात गेल्यावर त्याचा जांभळा रंग तपकिरी होतो आणि दिसेनासा होतो, म्हणून फ्लुरोसीन बरा.

सगळ्या बाल्कन्यांमध्ये रंग ओतणं शक्य नसेल तर धूर वापरतात. चेंबरच्या तोंडाशी पंख्याचं यंत्र लावून लाइनमध्ये निरुपद्रवी धूर सोडतात. त्याआधी सगळ्या घरांतल्या ट्रॅपमध्ये पाणी भरून ठेवायला सांगतात, म्हणजे धूर घरात शिरत नाही. गच्चीच्या ज्या जाळीतून धूर वर आला, तिचा पाइप मलवाहिनीला जोडलेला आहे.

चेंबरमध्ये किंवा मॅनहोलमध्ये माणूस मात्र कोणत्याही कारणाने उतरवायचा नाही. तिथे साठलेला हायड्रोजन सल्फाइड काही श्वासांत माणसाला बेशुद्ध करतो. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवून साफसफाई करून घेणं हा गुन्हा आहे. आतलं पाहायचं असेल तर पाइपात सोडायचा कॅमेरा भाड्याने मिळतो.

वेगळं कसं करायचं

आपल्या चोवीस फ्लॅटच्या सोसायटीत रंगाच्या तपासणीनंतर असं आढळलं, असं धरू. गच्चीचे सहा पाइप, त्यातले चार गली ट्रॅपवर सोडलेले. पाच बाल्कन्यांतली मशिनं पावसाच्या पाइपात. आवारातली तीन झाकणं पेव्हर ब्लॉकच्या खाली गेलेली.

काम सुरू करण्याआधी पातळी मोजायची, कारण सगळं यश तिच्यावर ठरतं. रस्त्याकडेच्या पर्जन्यवाहिनीचा तळ आवारातल्या नियोजित गटाराच्या शेवटापेक्षा खाली आहे का? गच्चीच्या पाइपापासून फाटकापर्यंत 40 मीटर अंतर असेल आणि शंभराला एक उतार ठेवायचा असेल, तर गटाराचा शेवट सुरुवातीपेक्षा 40 सेंटिमीटर खोल जाणार. रस्त्याची वाहिनी त्याहून उथळ असेल तर उतार दीडशेला एक करून पाहायचा किंवा गटाराची वाट बदलायची. पूर्वी कुणीतरी पाइप गली ट्रॅपवर सोडला, त्यामागे बहुधा हीच न सुटलेली अडचण असते.

पातळी जमली की चारही पाइप पायाशी कापायचे, खाली वळणाचा तुकडा लावायचा आणि पाणी जाळीदार गटारात सोडायचं. गली ट्रॅपकडे जाणारं जुनं तोंड सिमेंट काँक्रीटने बंद करायचं. गोणपाट कोंबून वर मसाला लावलेली तोंडं दोन पावसांत उघडतात. गटार रस्त्याला मिळण्याआधी गाळ साठवणारी कुंडी बांधायची. तिचा तळ बाहेर जाणाऱ्या पाइपापेक्षा फुटभर खोल ठेवला की वाळू तिथेच बसते आणि मे महिन्यात फावड्याने काढता येते.

गली ट्रॅपचे कठडे आवाराच्या जमिनीपेक्षा किमान चार ते सहा इंच उंच करायचे. चेंबरची झाकणं जमिनीच्या वर आणायची आणि घट्ट बसणारी घ्यायची. पाच मशिनांचे पाइप बाथरूमच्या सांडपाण्याच्या पाइपाकडे, मध्ये ट्रॅप घेऊन वळवायचे. या कामासाठी त्या पाच घरांची संमती लागते, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. काम महापालिकेच्या परवानाधारक प्लंबरकडून आणि रस्त्याकडच्या जोडणीची परवानगी घेऊनच करायचं.

शेवटी रंगाची तपासणी पुन्हा करायची, सहाही पाइपांवर. बिल त्यानंतरच द्यायचं. किती तोंडं खरोखर बंद झाली, हे डोळ्यांना दिसत नाही, रंगालाच दिसतं.

याने काय होणार नाही

आपली इमारत वेगळी झाली तरी गल्लीतल्या उरलेल्या इमारतींचं पावसाचं पाणी मलवाहिनीत येतच राहील, आणि आपला तळमजला उताराच्या टोकाला असेल तर पाणी वर येणं पूर्ण थांबणार नाही. त्यासाठी शेवटच्या चेंबरमध्ये पाणी उलटं येऊ न देणारा झडप असलेला व्हॉल्व्ह बसवता येतो. त्याचीही अट आहे. झडप बंद असते तेवढा वेळ आपल्या वरच्या मजल्यांचं सांडपाणीही बाहेर पडत नाही. त्या वेळात कुणी मशीन लावलं तर ते पाणी आपल्याच तळमजल्यावर येतं. आणि झडपेत चिंधी अडकली तर ती बंद होत नाही, म्हणून पावसाळ्यात ती दर महिन्याला साफ करावी लागते.

पर्जन्यवाहिनीचीही मर्यादा आहे. मुंबईत पर्जन्यवाहिन्यांची 186 मुखं समुद्राला आणि खाड्यांना मिळतात आणि त्यातली बहुतेक भरतीच्या पातळीखाली आहेत. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकत्र आले की आवारात पाणी साचणारच. फरक एवढाच की ते पावसाचं पाणी असेल, त्यात मैला नसेल, आणि ते आवारात साचेल, घरातल्या बाथरूममधून वर येणार नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. तसा पाऊस कोणतीही वाहिनी पेलू शकत नाही. पण दरवर्षी येणाऱ्या ताशी चाळीस-पन्नास मिलिमीटरच्या सरींसाठी हे काम पुरेसं आहे.

यंदाच्या मार्च-एप्रिलमध्ये सोसायटीच्या सभेत एवढा एकच विषय घ्या. गच्चीच्या प्रत्येक पाइपात रंग टाका, तो कुठे निघतो ते नकाशावर लिहा आणि तो नकाशा ऑफिसच्या भिंतीवर लावा, म्हणजे पुढच्या दुरुस्तीत कुणी पुन्हा चुकीचा एल्बो लावणार नाही. शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनाही बोलवा. वाहिनी गल्लीची आहे, त्यामुळे तिच्यातलं पावसाचं पाणी कमी करायचं असेल तर ते गल्लीने मिळूनच करावं लागेल.